‘घरीच असते की ती’

आमच्या उमरीत एखादी बाई घरी बसून काम करते म्हटलं की लोक आधी विचारतात, “कशाचं?” ती ब्लाऊज शिवते म्हटलं तर पटतं, कारण मशीन दिसते, कापड दिसतं. ती शिकवणी घेते म्हटलं तरी पटतं, कारण दारात चपला दिसतात. पण ती लॅपटॉपवर भाषांतर करते, कुणाचे हिशेब लिहिते, व्हिडिओच्या खालच्या ओळी टाइप करते म्हटलं की समोरचा मान हलवतो आणि तिच्या सासूला सांगून जातो, “बरं झालं, घरीच असते की ती. दवाखान्यात न्यायला कुणीतरी झालं.”

मंडळी, आज या ‘घरीच असते की’ वर लिहायचंय. हे वाक्य प्रेमानंच म्हटलं जातं, आणि त्यानंच कामाचे तास खाल्ले जातात.

मी तालुक्याची वार्ताहर. पत्रकारितेची पदविका घेतली तेव्हा वाटलं होतं की ऑफिस असेल, टेबल असेल. तालुक्याच्या वार्ताहराला दोन्ही नसतं हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. बातमीवर घर चालत नाही, म्हणून हिंदी-इंग्रजीतून मराठी भाषांतराची आणि मुद्रितशोधनाची कामं घेते. तेही घरून. घरात सासू-सासरे, आमचे हे, दोन लेकरं. दोन खोल्या, एक बैठक, स्वयंपाकघर.

२०२० च्या मार्चनंतर पुण्या-मुंबईत ‘घरून काम’ सुरू झालं तेव्हा तिथल्या आयांनी पोरांच्या खोलीचं दार हळू लावायला शिकून घेतलं. पण तिथं घरात कंपनीचं नाव होतं, साहेब होता, पगाराची तारीख होती. माझ्यासारख्या सुट्या कामवाल्यांकडं यातलं काहीच नाही. आमचा साहेब घरच्यांनी पाहिलेला नाही, त्याचा आवाजही कधी ऐकलेला नाही. मग घरच्यांनी कोणाच्या धाकानं दार लावायचं?

याचं उत्तर मला सोलापूरच्या विडी कामगार बायांमध्ये सापडलं. त्या पिढ्यान्‌पिढ्या घरात बसून विड्या वळतात. पान-तंबाखू कारखान्याच्या शाखेतून आणायचा, घरी वळायच्या, हजारावर मजुरी. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं घरी विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं आणि १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो कायदा उचलून धरला. त्यांचे हाल कमी नाहीत, ते मी गोड करून सांगत नाही. पण एक गोष्ट बघा. त्या घरात सूप मांडीवर घेतलेल्या बाईला ‘घरीच असते की’ म्हणणं अवघड आहे. माल नेऊन द्यायची वेळ बाहेरच्यानं ठरवलेली, वळलेल्या विड्यांचे गठ्ठे समोर रचलेले, मोजणीला कमी भरल्या तर पैसे कमी. म्हणजे वेळ बाहेरून बांधलेली आणि झालेलं काम डोळ्यांना दिसणारं. या दोन गोष्टी असल्या की घर वळण घेतं. लॅपटॉपच्या कामात दोन्ही नसतात. ती आपल्यालाच तयार करून घरच्यांसमोर ठेवाव्या लागतात. माझ्या घरात हे कसं झालं ते सविस्तर सांगते, कारण ‘घरच्यांशी बोला’ एवढं सांगून कुणाचंच काही होत नाही.

बोलायच्या आधी मी सहा दिवस एका वहीत नुसत्या खुणा केल्या. सकाळी ११ ते दीड ही माझी भाषांतराची वेळ. त्या वेळात मला कोण, कशासाठी उठवतं ते लिहायचं, बस. चिडायचं नाही, बोलायचं नाही. सहा दिवसांत ४१ वेळा उठले होते. ज्यासाठी खरंच लगेच उठायला हवं होतं अशा वेळा तीन निघाल्या. एकदा सासऱ्यांना चक्कर आली, एकदा शाळेतून फोन आला, एकदा कुकरची शिट्टीच बसली नाही. उरलेल्या अडतीसमध्ये सगळ्यात जास्त प्रश्न एकाच जातीचे. “माझा चष्मा कुठंय गं?” “गॅसचं पुस्तक कुठं ठेवलीस?” “बीपीची गोळी पांढरी का गुलाबी?” त्याखालोखाल दार. दूधवाला, कुरिअर, शेजारच्या काकू, वर्गणीवाले. आणि मग “जरा चहा टाक.”

त्या वहीनं मला वेगळंच शिकवलं. मला वाटत होतं की घरात शांतता हवी. तसं नव्हतं. टीव्ही चालू असला तरी माझं भाषांतर होतं, उठावं लागलं की होत नाही. ‘चष्मा कुठंय’ला उत्तर द्यायला अर्धं मिनिट लागतं, पण अर्धवट तुटलेलं वाक्य पुन्हा हातात यायला पाच-सात मिनिटं जातात. त्या आठवड्यात माझे अडीच तासांत जेमतेम ३०० शब्द होत होते. शब्दाला ऐंशी पैसे धरा, २४० रुपये. सलग बसायला मिळालं त्या एका दिवशी ७०० शब्द झाले, ५६० रुपये. तास तेवढेच. हा आकडा मी नंतर घरी सांगितला, तेव्हा सासरे पहिल्यांदा खुर्चीत पुढं सरकून बसले.

बोलणं रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर केलं. भांडणाच्या दिवशी नाही. भांडणात ठरलेलं भांडणाबरोबरच मोडतं. आणि सुरुवात मी केली नाही, ह्यांनी केली. इथं काही मैत्रिणी माझ्यावर रागावतील, “तुझं काम, तर तूच बोलायला पाहिजे” म्हणून. बरोबर आहे. पण आपल्याकडच्या घरात सुनेनं वेळ मागितली की ती कामचुकारपणा वाटते आणि लेकानं तेच सांगितलं की ती घराची व्यवस्था होते. हे अन्यायाचं आहे, पण मला त्या रविवारी न्याय मिळवायचा नव्हता, अडीच तास मिळवायचे होते. ह्यांनी एवढंच म्हटलं, “आई, हिचं हे काम माझ्या नोकरीसारखंच आहे. मला शाळेत तास चालू असताना तू बोलवत नाहीस.” पुढचं मग मी बोलले.

सगळा दिवस मागितला नाही. जी वेळ आपण स्वतःच पाळू शकत नाही ती घरच्यांकडून मागू नये. दोन तुकडे मागितले. सकाळी ११ ते दीड भाषांतर, आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसहा बातम्या. दुसरी वेळ का तेही सांगितलं. जिल्ह्याची पानं रात्री लागतात, तालुक्याची बातमी संध्याकाळी पोचली नाही तर उद्या तिला जागा नाही, परवा ती बातमी नाही. ही झाली बाहेरून बांधलेली वेळ. सासूबाईंना हे लगेच कळलं, कारण त्यांच्या माहेरी दुधाचं संकलन होतं. “गाडी गेली की दूध घरीच नासतं” म्हणाल्या. माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा ते बरं होतं.

नंतर वही काढली आणि उठायच्या एकेका कारणाला दुसरा माणूस किंवा जागा लावली. नुसतं ‘मला उठवू नका’ म्हटलं तर त्या कामाचं काय हा प्रश्न हवेत राहतो आणि दोन दिवसांनी परत आपल्याच अंगावर येतो. दार सासऱ्यांनी बघायचं, त्यांची खुर्चीच मुळात दाराशी असते. गोळ्यांना आठवड्याच्या खणांची प्लास्टिकची डबी आणली, रविवारी रात्री मी भरून ठेवते. चष्मा, गॅसचं पुस्तक, लाइटबिल, चाव्या यांना बैठकीतल्या फळीवर एक टोपली. चार वाजता चहा करून थर्मासमध्ये. पाहुणे आले तर घरात जो बसलेला असेल त्यानं पाणी द्यायचं, मी वेळ संपली की येऊन बसणार. आणि लगेच हाक मारायची ती कशासाठी, तर जीवाला काही झालं, शाळेचा फोन आला, गॅस-पाणी-आगीचं काही असलं तर. त्यापुढची यादी वाढवायची नाही असं ठरलं. यादी लांबली की सगळंच तातडीचं होतं.

माझ्या खोलीला दार आहे पण ते फुगलेलं, नीट लागत नाही. म्हणून खुंटीला निळी ओढणी टांगायची, ती दिसली की वेळ चालू. यात एक पथ्य मला पाळावं लागलं. काम नसताना, मोबाइल बघत बसलेली असताना ओढणी टांगायची नाही. लेकरं दोन दिवसांत ओळखतात की ओढणी खरी का खोटी.

बदल्यात मी काय दिलं? साडेसहानंतर लॅपटॉप बंद. जेवताना फोन दुसऱ्या खोलीत. कुठलं काम जास्त आलं आणि रात्री बसावं लागणार असेल तर सकाळीच सांगायचं. सासूबाईंनी एक अट घातली, नळाच्या दिवशी हे काही चालणार नाही. मराठवाड्यातल्या वाचकांना समजावून सांगायला नको. नळ रोज येत नाही, आणि आला की घरातल्या प्रत्येक हाताला बादली. म्हणून नळाचा दिवस कराराबाहेर. लाइट गेली तर वेळ पुढं सरकते, पण किती वाजता बसणार ते मी सांगायचं, तोवर ओढणी काढून. हे सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं आणि एक महिना करून बघू म्हणालो. कायमचं म्हटलं असतं तर सासूबाई हो म्हणाल्या नसत्या.

आता कुठं बिघडलं ते. पहिला आठवडा छान गेला, आणि तोच फसवा असतो. दुसऱ्या आठवड्यात सासूबाईंच्या बहीण आल्या, आठ दिवस राहायला. पहिल्याच दिवशी ओढणी बघून त्या बोलल्या, “सून दार लावून बसते का गं तुझी?” झालं. सासूबाईंना बहिणीपुढं कमीपणा वाटला आणि चार दिवस सगळं पूर्ववत. त्या आठवड्यात एका प्रकाशकाचं काम वेळेत गेलं नाही आणि त्याचं पुढचं पुस्तक दुसऱ्या कुणाकडं गेलं.

त्यावर मला जे सुचलं ते आधीच लिहायला हवं होतं असं कुणी म्हणेल, पण पाहुणा येईपर्यंत ते सुचतच नाही. घरातला नियम घरच्यांना पटलेला असतो, अडचण असते ती बाहेरच्याला काय सांगायचं याची. सासूबाईंकडं त्यासाठी वाक्यच नव्हतं. “ती काम करायलीय” म्हटलं की समोरची विचारणार “कसलं?” आणि तिथं त्या अडकणार. मग वाक्य ठरवून दिलं, “तिची ड्युटी साडेसहाला सुटते.” ड्युटी हा शब्द आमच्याकडं पोलिस, नर्स, एसटीवाले यांच्यामुळं सगळ्यांना कळतो, आणि ड्युटीवर कुणी वाद घालत नाही. पुढच्या वेळी त्याच मावशींना सासूबाईंनी हे वाक्य ऐकवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “असं होय? मग आपण जाऊन येऊ देवळात.”

दुसरा बिघाड पैशाचा. भाषांतराचे पैसे दीड-दोन महिन्यांनी येतात. आज बसलेले तास आणि परवा आलेले पैसे यांची गाठ घरच्यांच्या डोक्यात बसत नाही. म्हणून त्याच वहीत उलट्या बाजूनं एक पान सुरू केलं. कोणतं काम, किती शब्द, कधी पाठवलं, किती येणं, कधी आले. विडीच्या गठ्ठ्यांसारखं ते मोजता येतं. वही बैठकीतच असते, सासरे अधूनमधून चाळतात आणि “याचे अजून आले नाहीत, फोन कर” असं मलाच सांगतात.

पण इथं एक धोक्याची सूचना. वेळेची बाजू फक्त पैशावर मांडू नका. ज्या महिन्यात पैसे कमी येतील त्या महिन्यात तुमचे तास आपोआप रिकामे समजले जातील. सुट्या कामाला असे महिने येतातच, मला पावसाळ्यात हमखास येतात. करार तासांचा करायचा, कमाईचा नाही. दुकान गिऱ्हाईक नसतानाही उघडं असतं, तसं.

पोरांचं वेगळं आहे. आमच्या गल्लीतला एक जण लग्नाचे व्हिडिओ जोडून देतो, रात्रभर बसतो. त्याची आई त्याला चहा नेऊन देते, त्याच्या खोलीबाहेर कुणी मोठ्यानं बोलत नाही. त्याच वयाची, तेच काम शिकलेली त्याची बहीण स्वयंपाक आटोपून मग बसते. २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटं निघाला आणि पुरुषांचा ८८. आणि हे पुरुष म्हणजे जे घरकाम करतात तेवढेच, न करणारे या सरासरीत धरलेलेच नाहीत. पोराला बंद दार आयतं मिळतं. त्याची अडचण दुसरीकडं आहे, सोयाबीन काढणीला आलं की त्याला शेतावर हाक जाते, कारण “बसूनच तर असतोस.” तिथं वाद घालण्यात अर्थ नाही, पिकाचीही वेळ बाहेरूनच बांधलेली असते. त्यानं काढणीचे दिवस आधीच गिऱ्हाइकांना सुट्टी म्हणून सांगून टाकले, आणि बाकी वर्षभर हाक मारायची नाही हे वडिलांकडून कबूल करून घेतलं. मला तो सौदा चांगला वाटला.

हे सगळं चार भिंतींतलं म्हणून सोडून देता येत नाही. सरकारी श्रमबळ सर्वेक्षणात माणसाला एक क्रमांक मिळतो. स्वतःच्या हिमतीवर धंदा करणाऱ्याला ११, फक्त घरकाम करणाऱ्याला ९२. आता दारात आलेल्याला उत्तर कोण देतं? बहुतेक वेळा घरातला पुरुष. आणि त्यानं सवयीनं “घरीच असते” म्हटलं की महिना चार-सहा हजार कमावणारी बाई ९२ मध्ये जाऊन बसते. २०११ च्या जनगणनेत वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम केलेला माणूस मुख्य कामगार धरला होता. फेब्रुवारी २०२७ मध्ये पुन्हा माणसं मोजायला येणार आहेत. तेव्हा दार कुणीही उघडो, घरातल्या बाईच्या कामाचं उत्तर बाईनंच द्यावं एवढं तरी आत्ता ठरवून ठेवता येईल. सामाजिक सुरक्षा संहितेत घरून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आहे, पण तुम्ही कामगार आहात हे तुमच्याच घरातून नाकारलं गेलं तर त्या व्याख्येचा उपयोग काय?

आणि सगळ्या घरांत रविवारचं बोलणं होऊ शकत नाही हेही मला माहीत आहे. जिथं सुनेनं तोंड उघडलं की लॅपटॉपच विकायची भाषा होते, तिथं माझी ओढणी आणि टोपली कामाची नाही. त्या बाईला घराबाहेर बसायला जागा पाहिजे. तालुक्याच्या गावांत स्पर्धा परीक्षावाल्यांच्या अभ्यासिका निघाल्यात, महिन्याचे पैसे भरून टेबल, पंखा, वायफाय मिळतं. पण तिथं पस्तिशीची बाई लॅपटॉप घेऊन बसली की माना वळतात, आणि फोनवर बोलायची सोय नसते. आमच्या पालिकेनं वाचनालयाची एक खोली दुपारी ११ ते ५ घरून काम करणाऱ्या बायकांसाठी मोकळी ठेवावी. सहा टेबलं, प्लग, लाइट गेल्यावर इन्व्हर्टर आणि बाजूला एक चालू स्थितीतलं स्वच्छतागृह. खर्च फार नाही. प्रभागातल्या नगरसेवकांशी मी बोलणार आहे, पण त्यांना नावं नाहीत तर निदान आकडा लागेल. उमरीत आणि आसपासच्या गावांत अशा किती जणी आहेत ते मला इनबॉक्समध्ये कळवा. नाव नका लिहू, काम काय करता आणि दिवसाचे किती तास मिळतात एवढंच लिहा.

आमच्या घरातला महिना केव्हाच संपला, कॅलेंडरचं पान तसंच आहे. नळाच्या दिवसाचं मात्र अजून ठरत नाही. सासूबाई म्हणतात तो आख्खा दिवस, मी म्हणते पाणी भरून होईपर्यंत. या रविवारी परत बसणार आहोत.